भूक लागली की खाईल?

मांजराने वाटीला तोंड लावलं नाही की घरात सगळ्यात आधी एकच सल्ला मिळतो: "लाड करू नका. भूक लागली की खाईल आपोआप." कारल्याची भाजी पानातून बाजूला सारणाऱ्या मुलाला तो लागू पडत असेल, धडधाकट कुत्र्यालाही एखाद्या दिवसापुरता चालून जातो. मांजराच्या बाबतीत, त्यातही अंगाने भरलेल्या घरकोंबड्या मांजराच्या बाबतीत, तो जिवावर बेतू शकतो. मांजर उपाशी राहिलं की त्याची भूक वाढत जाईलच असं नसतं. काही दिवसांनी ती मरते, आणि मग आवडीचं खाणं पुढे ठेवलं तरी ते मांजर खात नाही. चोचले कुठे संपतात आणि आजार कुठे सुरू होतो, हे आपण ओळखायला शिकतो खरं. पण चोचल्यांतूनच आजार जन्माला येऊ शकतो, ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते.

एक उदाहरण घेऊ. गिरगावातल्या चाळीत राहणारी सोनी नावाची भाटी. वय सहा वर्षं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, वजन 5.4 किलो. तिच्या हाडापेराला साडेचार किलो पुरेसं होतं, म्हणजे ती चांगलीच जाड. चार वर्षं एकाच कंपनीचं सुकं कॅटफूड खात आलेली. जुलै महिना, धो धो पाऊस, नेहमीचं पाकीट दुकानात नाही. दुकानदार मोठ्या गोणीतलं दुसरं किबल, म्हणजे कॅटफूडचे सुके दाणे, सुटं तोलून देतो. घरी आल्यावर वाटीत ते ओतलं जातं. सोनी येते, वास घेते, वाटीभोवतालची फरशी पंजाने दोन-तीनदा खरवडते आणि खिडकीत जाऊन बसते.

फरशी खरवडण्याला घरचे "नाक मुरडलं" म्हणतात. प्रत्यक्षात उरलेलं अन्न झाकून ठेवण्याची ती जुनी जंगली सवय आहे. पोट भरलेलं असतानाही मांजरं असं करतात, त्यामुळे त्यावरून आजारपणाचा किंवा रुसव्याचा निष्कर्ष काढू नये. त्याआधी तिने काय केलं, ते महत्त्वाचं. ती वाटीपर्यंत स्वतःहून आली, वास घेतला आणि थांबली. निर्णय नाकाने दिला.

मांजराच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे 470, माणसाच्या जिभेवर हजारोंनी. गोड चव तर त्यांना कळतच नाही. ती ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरांमध्ये निकामी आहे, हे 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. दूध-पोळीवर तुटून पडणाऱ्या मनीला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धांशाची, साखर घाला अथवा न घाला. चवीत एवढं उणं असलेला हा प्राणी खाण्याचा निवाडा मुख्यतः वासावर करतो. किबलचा वासही आतल्या धान्य-मांसाच्या पिठाचा नसतो. दाणा भाजून झाला की त्यावर चरबी आणि पचवलेल्या यकृत-मांसाचा अर्क फवारतात, आणि मांजर खातं ते खरं तर या फवाऱ्याच्या वासावर. गोणी उघडी पडली की हाच थर सगळ्यात आधी बिघडतो. मुंबईच्या पावसाळी हवेत चरबी खवट व्हायला फार दिवस लागत नाहीत. मूठभर दाणे नाकाशी धरून पाहा: जुन्या फरसाणासारखा वास आला, किंवा दाणा दाताखाली कडक न मोडता दबल्यासारखा लागला, तर ते खाणं उतरलेलं आहे. सुटं किबल स्वस्त पडतं, पण गोणी कधी उघडली हे विकणाऱ्यालाही बरेचदा सांगता येत नाही. लहान बंद पाकीट घ्यावं, खाणं त्याच पिशवीत ठेवून हवा दाबून काढावी, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि महिन्याभरात संपवावी.

तेव्हा सोनीचा पहिल्या दिवसाचा नकार पूर्ण शहाणपणाचा होता. नवं खाणं, नवा आकार, वर खवट वास. ज्या मांजराला लहानपणी एकच चव मिळाली, ते मोठेपणी अनोळखी खाण्याला सहजी तोंड लावत नाही. निसर्गात या संशयाने त्याला विषबाधेपासून वाचवलेलं आहे.

चूक पुढे झाली. घरात ठरलं, आता नमायचं नाही. वाटी भरलेलीच राहिली आणि "एक-दोन दाणे खाते की" यावर सगळ्यांचं समाधान झालं. इथे आकडा हवा होता. मांजराला नुसतं जगायला रोज किती उष्मांक लागतात याचा सोपा हिशेब असा: वजनाला 30 ने गुणायचं आणि त्यात 70 मिळवायचे. 5.4 गुणिले 30 म्हणजे 162, अधिक 70 म्हणजे 232 किलोकॅलरी. बहुतेक सुक्या खाण्यात 100 ग्रॅमला 350 ते 400 किलोकॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटामागे असतो. 380 धरले तर सोनीला रोज सुमारे 60 ग्रॅम लागतात. सकाळी किचनच्या डिजिटल काट्यावर 60 ग्रॅम मोजून ठेवले असते आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजले असते, तर दिसलं असतं: पोटात गेले पहिल्या दिवशी 8 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी 12, तिसऱ्या दिवशी 5, चौथ्या दिवशी 3. चार दिवसांत 240 ग्रॅमऐवजी 28. "थोडं खाते" या दोन शब्दांमागे हे लपलेलं होतं.

या चार दिवसांत तिच्या शरीरात जे घडलं ते कुत्र्यात सहसा घडत नाही. उपास पडला की शरीर अंगावरची चरबी सोडतं आणि ती यकृताकडे जाते. ती जाळायची किंवा पुढे रवाना करायची, हे यकृताचं काम. चरबी बाहेर पाठवायला प्रथिनांचं वेष्टण लागतं, आणि मांजर तर पक्कं मांसाहारी: प्रथिनं जाळण्याचा त्याच्या यकृताचा वेग उपासातही फारसा मंदावत नाही. बाहेरून प्रथिनं बंद, आतली भराभर खर्च होताहेत आणि जाड अंगातून चरबीचा लोंढा सुरू. चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते, पेशी फुगतात, पित्ताची वाट अडते. याला यकृताचा मेदविकार म्हणतात. अन्न अचानक बदलणं, घरात पाहुणे येणं, नवीन मांजर येणं, रंगकाम किंवा फटाके अशा साध्या कारणाने सुरू झालेल्या उपासातूनही जाड मांजराला तो होऊ शकतो. पूर्ण उपास हवाच असंही नाही. गरजेपेक्षा बरंच कमी खाणं आठवडाभर चाललं तरी पुरतं.

पाचव्या दिवशी नेहमीचं पाकीट मिळतं. सगळ्यांना हायसं वाटतं. वाटीचा खडखडाट ऐकून सोनी येते. आता हा अर्धा मिनिट अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. ती वाटीवर वाकते. नाकपुड्या दोनदा हलतात. अजून एकही दाणा तोंडात गेलेला नाही, तरी ती जीभ बाहेर काढून ओठ चाटते. गळ्याशी काहीतरी गिळल्याची हालचाल होते. पुन्हा ओठ चाटते. मान किंचित मागे घेते, तोंड फिरवते आणि वाटीकडे पाठ करून अंग आखडून बसते.

पहिल्या दिवशीचा नकार आणि हा नकार दुरून सारखेच दिसतात, पण हा मळमळीचा आहे. खाणं तोंडात न घेता ओठ चाटणं, रिकामं गिळणं, लाळ सुटणं, वास आला की उठून दुसऱ्या खोलीत जाणं ही मळमळीची भाषा. तिला भूक आहे की नाही हा प्रश्न मागे पडला. अन्नाचा वासच तिला नकोसा झाला आहे. आणि ज्या पदार्थाचा वास मळमळीच्या वेळी नाकात जातो, त्याचा धसका मांजर पुढे कितीतरी दिवस बाळगतं. म्हणून अशा वेळी तिची आवडती सुकट, उकडलेलं चिकन, ओल्या खाण्याचं पाऊच अशी एकामागून एक ताटं मांडू नयेत. आपण प्रेमाने तिच्या आवडीच्या पदार्थांची नावं एकेक करून खोडत असतो. सिरिंजने जबरदस्तीने भरवणं तर त्याहून वाईट. धसका बसतोच, शिवाय घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. आवडत्या खाण्यात कडू गोळी कुस्करून घालू नये, त्याचंही कारण हेच.

आता पहिल्या दिवशी परत जाऊ, कारण सोनीला तिथेच सावरता आलं असतं.

आधी शेजारी विचारायचं. चाळीत एकच मांजर तीन खोल्यांत तीन नावांनी जेवतं, आणि कोळणीकडून आलेली मांदेलीची डोकी कोणी टाकली असतील तर वाटीतल्या किबलला कोण विचारतो? बाहेर काही मिळत नसेल, तर वाटी काढून टाकायची, ताजं खाणं आणायचं आणि त्याचा वास उठवायचा. फ्रिजमधून काढलेल्या थंड पाऊचला मांजराच्या लेखी वासच नसतो. बंद पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं की पुरे. नुकत्याच मारलेल्या उंदराच्या अंगाची ऊब तेवढीच असते. सुक्या खाण्यावर 20 ग्रॅमला चमचाभर कोमट पाणी शिंपडावं. ओलं खाणं पावसाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात उचलावं, रात्रीपर्यंत ठेवू नये. एका वेळी चमचाभरच वाढावं, कारण मांजराचं जेवण मुळात उंदराएवढं, दिवसातून दहा-पंधरा वेळा होणारं. वाटी लिटर ट्रेपासून, म्हणजे मांजराच्या शी-लघवीच्या ट्रेपासून, लांब हवी, आणि घरात दुसरं मांजर असेल तर दोघांच्या वाट्या एकमेकांच्या नजरेआड.

वाटीत नवं खाणं आणायचंच असेल तर जुन्यासोबत, दहा दिवसांत. पहिले तीन दिवस 45 ग्रॅम जुनं आणि 15 नवं, पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, मग 15 जुनं आणि 45 नवं. ज्या टप्प्यावर उरलेलं वाढू लागेल तिथेच दोन दिवस थांबायचं. जुनं बाजारातच नसेल, तर उकडलेल्या चिकनचे तंतू नव्या दाण्यांवर घालून पोटात दिवसाचे निदान दोन-तृतीयांश उष्मांक जातील हे पाहायचं. चिकन बिनमिठाचं हवं, त्यात कांदा-लसूण अजिबात नको; कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चिकन किंवा मासळी हे चार दिवसांचं टेकू समजावं. नुसत्या चिकनवर मांजराला कॅल्शियम पुरत नाही, आणि नुसत्या तेलकट मासळीवर, म्हणजे रोजच बांगडा-तारली खाणाऱ्या मांजरात, ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते व दुखते.

या सगळ्यातून चोचले आणि आजार वेगळे करायची एक सोपी परीक्षा निघते. चोखंदळ मांजर ठरावीक खाणं नाकारतं. त्याला दुसरं, ओळखीचं, कोमट खाणं दिलं की ते अधाशासारखं खातं. त्याचं वजन टिकतं, लघवी-शी नेहमीसारखी होते, अंग चाटणं चालू असतं, दोरी दिसली की झडप पडते. आजारी मांजर हळूहळू सगळंच नाकारतं. मात्र ही परीक्षा एकाच दिशेने भरवशाची आहे. आवडतं खाणं नाकारलं तर आजार धरून चालावं. पण आवडतं खाल्लं म्हणून आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. किडनी हळूहळू खराब होत असलेली म्हातारी मांजरं कित्येक महिने "हल्ली फक्त पाऊचच खाते" एवढ्यावर निभावतात. घरच्यांना ती लाडावलेली वाटतात. पाणी जास्त पिणं, लिटर ट्रेमध्ये लघवीचे मोठमोठे गोळे होणं आणि वजन उतरणं, ही तिथली खरी साक्ष. वजनाचा काटा इथे सगळ्यात प्रामाणिक आहे. मांजराला उचलून आपण काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं ही पद्धत ढोबळ आहे, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात हरवतो. मांजराला टोपलीत बसवून दहा ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर दर रविवारी ठेवावं. चार किलोच्या मांजराचे 200 ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो.

तोंड दुखणाऱ्या मांजराचा नकार तिसऱ्याच प्रकारचा असतो, आणि तो हमखास चोचल्यांत जमा होतो. अशा मांजराला भूक असते. ते धावत येतं, घास घेतं आणि अचानक टाकून देतं, कधी वाटीवरच फिसकारतं. डोकं एका बाजूला कलंडवून चावतं, दाणे सांडतं, पंजाने तोंड पुसतं. कधी चावणं सोडून दाणे अख्खेच गिळू लागतं, त्यामुळे "कडक दाणे खातंय म्हणजे दात ठीक आहेत" हा तर्क फसतो. दाताचा गळा झिजून मज्जा उघडी पडते, हिरड्यांना सूज येते. हे बरेचदा भूल देऊन एक्स-रे काढल्यावरच कळतं. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर वाटीपर्यंत येतं, हुंगत राहतं आणि वासच न लागल्याने परत जातं. त्याचं नाक कोमट ओल्या कापसाने पुसून, उग्र वासाचं कोमट खाणं दिलं तर बरेचदा खातं. सर्दीच्याच एका विषाणूने जिभेवर फोड येतात, तेव्हा लाळही गळते.

किती वाट पाहायची? मोठ्या मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा, दुसरा दिवस घरी काढू नये. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला अर्धा दिवसही फार. रोजच्या निम्म्याहून कमी खाणं तीन दिवस चाललं, तर तोही तितकाच डॉक्टरांकडे जायचा विषय, जाड मांजरात तर नक्कीच. आणि बोका जेवत नाही, वरचेवर ट्रेमध्ये बसतो, कण्हतो, थेंबच पडतो असं दिसलं तर खाण्याचा विचार बाजूला ठेवून त्याच तासाला निघावं, मध्यरात्र असली तरी. मूत्रमार्ग बंद झालेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. घरातली तापाची पॅरासिटामॉल कोणत्याही मांजराला देऊ नये, एक गोळीही जीव घेऊ शकते.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जा किंवा कोपऱ्यावरच्या क्लिनिकात, "खात नाही हो" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती फारसं काही लागत नाही. शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, त्यानंतर रोज किती ग्रॅम, वाटीपाशी येतं की येतच नाही, उलटी-शी-लघवी कधी, वजन आधी किती होतं, एवढं कागदावर लिहून न्यावं. वाटीसमोरच्या त्या अर्ध्या मिनिटाचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. क्लिनिकच्या टेबलावर घाबरलेलं मांजर कधीच खाऊन दाखवत नाही, त्यामुळे तो व्हिडिओ म्हणजे अर्धी तपासणी. निघण्याआधी दिवसाच्या उजेडात कानाची आतली बाजू, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा.

सोनीच्या कानाची आतली कातडी फिकट पिवळी दिसते. रक्तात काविळीचं पिवळं द्रव्य बिलिरुबिन आणि यकृताची एन्झाइम्स वाढलेली, सोनोग्राफीत यकृत मोठं. यावर यकृताचं टॉनिक हा उपाय नाही. उपाय आहे अन्न, तिच्या इच्छेवर न सोडलेलं. थोडा वेळ भूल देऊन मानेच्या बाजूने अन्ननलिकेत एक मऊ नळी बसवतात. पाहायला भयंकर वाटतं, पण मांजराला तिचा त्रास नाक-तोंडातल्या नळीपेक्षा बराच कमी. सोबत मळमळीचं औषध. पहिल्या दिवशी गरजेच्या चौथा हिस्सा, म्हणजे साठेक किलोकॅलरी, आणि तीन-चार दिवसांत पूर्ण 232 वर न्यायचं. एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम घसरून नवंच संकट ओढवतं, म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासतात. घरी आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा पातळ केलेलं कोमट खाणं सिरिंजने नळीतून हळूहळू, आणि शेवटी थोडं साधं पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. हे तीन ते सहा आठवडे चालतं. लवकर सुरू केलं तर बहुतेक मांजरं यातून उठतात.

या काळात तिच्यापुढे वाटी ठेवण्याची घाई करू नये. मळमळ थांबली की सोनी स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसू लागेल. मग तिने आजारपणात कधीच न हुंगलेलं एखादं ओलं खाणं, एक चमचा, कोमट, नवीन बशीत ठेवावं आणि तिथून निघून जावं. दहा मिनिटांनी उरलेलं उचलून काट्यावर ठेवायचं. चार ग्रॅम गेले असतील तर उद्या पुन्हा तेवढंच. तोंडाने दिवसाची पूर्ण गरज ती आठवडाभर स्वतः खाऊ लागली आणि वजन घसरलं नाही, की नळी काढतात. जखमेला टाका लागत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येते.